समुद्र नाही, मग सळई का गंजते?

प्रश्न : आमची पुण्यातली इमारत 36 वर्षांची आहे. छज्ज्यांचे आणि बाथरूमखालच्या स्लॅबचे पोपडे सुटून गंजलेल्या सळया दिसू लागल्या आहेत. इथे खारी हवा नाही, मग लोखंड गंजलं कसं?

उत्तर : खाऱ्या हवेशिवायही सळई गंजते, तेवढी करामत साध्या हवेतला कार्बन डायऑक्साइड करतो. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना भरपूर चुना सुटतो आणि काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतल्या पाण्याचा सामू साडेबाराच्या वर राहतो. एवढ्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर टिकतो आणि तोच तिला गंजू देत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून आत शिरला की चुन्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो. सामू नऊच्या खाली येतो आणि सळईवरचा थर विरतो. या क्रियेला कार्बनेशन म्हणतात. गंमत म्हणजे यात काँक्रीट कमजोर होत नाही, उलट किंचित घट्टच होतं. नुकसान होतं ते लोखंडाचं.

हे पृष्ठभागापासून आत सरकत जातं, पण वेग मंदावत. खोली वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा, तुमच्या छज्ज्यात आज 18 मिलिमीटरपर्यंत कार्बनेशन पोचलंय. 36 चं वर्गमूळ 6, म्हणजे गुणांक 3. सळईवर काँक्रीटचं कव्हर 12 मिलिमीटर असेल, तर ते सोळाव्या वर्षीच सळईला भिडलं. कव्हर 24 असतं तर 64 वर्षं लागली असती. ओतकामाच्या वेळी कव्हर ब्लॉक न ठेवल्याने सळई सेंट्रिंगवर टेकली, आणि पुढे पाणीही धड मारलं नाही, तर काय होतं ते यावरून कळेल.

बाथरूमखालीच का? कार्बनेशनला मध्यम दमट हवा लागते. छिद्रं पाण्याने भरलेली असली तर वायू आत शिरतच नाही. गंजायला मात्र ओल हवी. म्हणून कोरड्या हॉलचा स्लॅब खोलवर कार्बनेट होऊनही वर्षानुवर्षं शाबूत राहतो, आणि आलटून-पालटून भिजणारे छज्जे, गळक्या बाथरूमखालचे स्लॅब आधी फुटतात. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो. त्या दाबाने कव्हर सुटतं.

तपासणी सोपी आहे. काँक्रीटचा ताजा टवका काढून, धूळ झटकून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण फवारतात. आतला सुरक्षित भाग गडद गुलाबी होतो, कार्बनेट झालेला रंगहीनच राहतो. रंगाची सीमा सळईच्या पुढे गेली असेल तर नुसता गिलावा थापणं म्हणजे पैसे वाया. आधी गळती थांबवा. मग सळईच्या मागपर्यंतचं काँक्रीट फोडून, गंज पूर्ण घासून, पॉलिमर मॉर्टरने भरून घ्या. सळई फार झिजली असेल तर जोडीला नवी टाकावी लागते; ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला ठरवू द्या, कंत्राटदाराला नव्हे.