मुलाखती एक सांगतात, सर्वेक्षण दुसरेच

प्रश्न : आखाडा बाळापूर परिसरातले शेतकरी हळद काढताच का विकतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. प्रश्नावलीत बहुतेकांनी 'भाव बरा होता' लिहिले; मुलाखतींत मात्र अडत्याकडून घेतलेली उचल पुढे आली. खरे काय धरू?
– एक विद्यार्थिनी, आखाडा बाळापूर

उत्तर : घाईने एकाची निवड करू नका. उचलीची गोष्ट अनोळखी माणसाच्या कागदावर कोणी सहज लिहीत नाही; ओसरीवर तासभर बसल्यावर ती निघते. पण मोजक्या मुलाखतींवरून तिचे प्रमाण ठरत नाही.

म्हणून मुलाखतीतले कारण सर्वेक्षणावर तपासा. उचल हे खरे कारण असेल, तर उचल घेतलेल्यांत लवकर विकणारे जास्त दिसायला हवेत. समजा, उचलवाल्या 50 पैकी 40 जणांनी महिनाभरात माल विकला आणि बिनउचलीच्या 50 पैकी 15 जणांनी, तर तुमच्या निष्कर्षाला बळ मिळते. दोन्हींकडे 40च निघाले, तर साठवणुकीची अडचण किंवा घरखर्च शोधा. जमीन किती, हेही पाहा. लहान शेतकरी उचलही घेतो आणि लवकरही विकतो, म्हणून सारख्या क्षेत्राच्या शेतकऱ्यांची तुलना करा.

प्रश्नावलीत आणि मुलाखतींत, दोन्हीकडे तुम्हीच विचारले असेल, तर एकच चूक दोन्हींत शिरू शकते. नुसता मेळ बसला म्हणून तो पुरावा ठरत नाही. शेतकऱ्यांच्या संमतीने विक्रीच्या पट्ट्यांवरील तारखा पाहा. न जुळणाऱ्या मुलाखतीही प्रबंधात द्या.