‘सॉफ्टवेअर टाकून द्या’ एवढ्या मेलवर काम होत नाही

यवतमाळ जिल्ह्यात कापूस उत्पादकांसोबत काम करणाऱ्या एका संस्थेत मी माहितीपत्रकं आणि पोस्टरं तयार करतो. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं पोस्टर फवारणीचं. 2017 च्या हंगामात या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. कीटकनाशकाच्या डब्यावर हिऱ्याच्या आकाराचं एक चिन्ह असतं. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग औषध किती विषारी आहे ते सांगतो: लाल सगळ्यात जहाल, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. लेबलवरची बारीक अक्षरं ज्याला वाचता येत नाहीत, त्यालाही हा रंग ओळखता येतो. म्हणून आमच्या पोस्टरवर हे चार त्रिकोण मोठे आणि ठसठशीत असतात.

हे पोस्टर आम्ही पॉवरपॉइंटमध्येच करत होतो. छापखान्यातल्या संगणकावर आमचा फॉन्ट नव्हता. फाइल उघडली की जोडाक्षरं सुटायची आणि ओळी खाली सरकायच्या. एकदा तर औषधाच्या मात्रेचा आकडा एका ओळीवर आणि ‘मिली’ दुसऱ्याच औषधासमोर गेलेला प्रूफमध्ये सापडला. तेव्हा डिझाइनचं नीट सॉफ्टवेअर मागायचं ठरलं. हे काम माझ्या एका सहकाऱ्याकडे आलं.

त्याने आयटी टीमला एका ओळीचा मेल पाठवला: डिझाइन सॉफ्टवेअर तातडीने टाकून द्या, पोस्टर अडलं आहे. उत्तरात उलट प्रश्न आला, कोणतं सॉफ्टवेअर, कोणत्या लायसनचं, कशासाठी? हंगाम तोंडावर होता आणि छापखाना रोज फोन करत होता. ओळखीच्या एका डीटीपीवाल्याने पेनड्राइव्हवर डिझाइनच्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली प्रत दिली. सोबतच्या सूचनेत आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं होतं. तो बंद होत नव्हता, म्हणून फाइल तशीच चालवली गेली. थोड्याच वेळात सुरक्षा यंत्रणेने लॅपटॉप नेटवर्कपासून तोडला. आयटीने तो मागवून घेतला आणि पूर्ण पुसून परत दिला. शेअर्ड ड्राइव्हवर होतं ते वाचलं; डेस्कटॉपवर ठेवलेले गावांतले फोटो आणि अर्धवट पोस्टर गेलं. त्या वर्षी पोस्टर गावात लागलं तेव्हा पहिल्या फवारण्या होऊन गेल्या होत्या.

त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता. मात्र आयटीचे प्रश्न अडवणुकीचे नव्हते, हे मला तेव्हा नीट समजलं. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवाव्या लागतात. कोणत्या लॅपटॉपवर काय आहे याची नोंदच नसेल, तर सहा तासांत काय कळवणार? दुसरी बाजू कायद्याची. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 ब प्रमाणे चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरली, तर किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मंजुरी देणारा माणूस या दोन्ही गोष्टींना उत्तरदायी असतो. त्याला उत्तरं आपल्या मेलमधूनच मिळाली पाहिजेत.

पुढच्या वर्षी विनंती मी केली. मेल लिहिण्याआधी छापखान्यात जाऊन त्यांना नेमकी कशी फाइल चालते ते विचारून आलो. त्यांच्याकडे कोरलड्रॉ आहे, त्यामुळे त्यांनी आधी त्याचीच फाइल मागितली. पण अक्षरांच्या बाह्यरेषा केलेली पीडीएफ चालेल, असंही म्हणाले. तेवढ्यावर निवड सोपी झाली. इंकस्केप हे डिझाइनचं सॉफ्टवेअर अशी पीडीएफ करतं. त्यात पीडीएफ करताना अक्षरांचं रेषाकृतीत रूपांतर करण्याचा पर्याय आहे. मग छापखान्यात फॉन्ट असो नसो, अक्षर हलत नाही. युनिकोड देवनागरीची जोडाक्षरंही ते नीट दाखवतं.

लायसनबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेक विनंत्या इथेच अडतात. ‘मोफत आहे’ एवढं लिहिणं पुरत नाही. काही सॉफ्टवेअर फक्त घरगुती वापरासाठी मोफत असतं आणि कार्यालयात वापरलं की पैसे लागतात. काही ठरावीक मुदतीपुरतं मोफत असतं. काहींची मोफत आवृत्ती विद्यार्थ्यांपुरती असते. इंकस्केप जीपीएल या मुक्त लायसनखाली येतं. कार्यालयात, कितीही लॅपटॉपवर, विनाशुल्क वापरता येतं. आपल्या सॉफ्टवेअरचं लायसन पान उघडून कार्यालयीन वापराबद्दल काय लिहिलं आहे ते वाचा आणि त्या पानाची लिंक मेलमध्ये द्या.

मी पाठवलेला मेल असा होता:

विषय: कार्यालयीन लॅपटॉपवर इंकस्केप 1.4 बसवण्यास मंजुरी (फवारणी सुरक्षा पोस्टर)

नमस्कार,

फवारणी सुरक्षेचं पोस्टर आणि घडीपत्रक तयार करण्यासाठी माझ्या लॅपटॉपवर इंकस्केप 1.4, विंडोज 64-बिट, हे सॉफ्टवेअर बसवायला मंजुरी हवी आहे. लॅपटॉपचा मालमत्ता क्रमांक सोबत जोडला आहे.

गरज: पॉवरपॉइंटच्या फाइलमध्ये छापखान्यात मराठी अक्षरं मोडतात आणि औषधाच्या मात्रेची ओळ सरकते. अक्षरांच्या बाह्यरेषा केलेली पीडीएफ आपल्या सध्याच्या साधनांतून मिळत नाही.

लायसन: जीपीएल. कार्यालयीन वापराला शुल्क नाही. लायसन पानाची लिंक जोडली आहे.

स्रोत: अधिकृत संकेतस्थळ inkscape.org. एमएसआय प्रकारची फाइल तिथे आहे. मी फाइल उतरवलेली नाही, कृपया तुम्हीच उतरवावी.

माहिती: काम लॅपटॉपवरच होतं, खातं काढावं लागत नाही, फाइल बाहेरच्या सर्व्हरवर जात नाही. शेतकऱ्यांचे फोटो शेअर्ड ड्राइव्हवरच राहतील. बाहेरची एक्स्टेन्शन लागणार नाहीत.

फॉन्ट: मुक्ता, ओपन फॉन्ट लायसन. हाही सोबत बसवावा.

कालावधी: जूनपासून ऑक्टोबरपर्यंत. त्यानंतर गरज नसेल तर काढून टाकण्यास हरकत नाही. अद्ययावत आवृत्ती तुमच्याकडून टाकली जाईल की मी कळवायचं, ते सांगावं.

माझ्या विभागप्रमुखांना प्रत दिली आहे. त्यांची संमती याच मेलवर येईल.

मेल एवढाच. यातल्या काही ओळी वरवर साध्या दिसतात, पण आयटीचं काम त्यांनीच सोपं होतं. एमएसआयचा उल्लेख घ्या. या प्रकारची फाइल आयटी आपल्या यंत्रणेतून लांबूनच, कोणताही प्रश्न न विचारता बसवू शकते. आमची आयटी टीम दुसऱ्या शहरात बसते; लॅपटॉप तिकडे पाठवावा लागला नाही, तो याच एका ओळीमुळे.

‘मी फाइल उतरवलेली नाही’ हेही मुद्दाम लिहिलं. सर्चमध्ये सगळ्यात वर येणारी लिंक जाहिरातीची असू शकते. 2022 मध्ये गिंप या लोकप्रिय चित्र-संपादन सॉफ्टवेअरच्या नावाने गूगलवर अशी जाहिरात चालली होती. पत्ता अधिकृत दिसत होता, पण क्लिक केल्यावर मिळतंजुळतं नाव असलेल्या खोट्या साइटवरून पासवर्ड चोरणारा प्रोग्राम उतरत होता. म्हणून मेलला कधी इन्स्टॉलर जोडू नका. पत्ता द्या, उतरवू द्या त्यांना.

माहितीच्या ओळीवर मात्र प्रामाणिक राहा. ब्राउझरमध्ये चालणारं डिझाइन साधन निवडलं तर इन्स्टॉल करायला काही नसतं, म्हणून मंजुरी नको असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तिथे प्रश्न जास्त गंभीर होतो, कारण शेतकऱ्याचा चेहरा, गाव आणि कधी कधी सातबाऱ्याचा फोटोसुद्धा दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातो. असं साधन हवं असेल तर काय अपलोड होणार आणि काय होणार नाही, ते मेलमध्ये स्पष्ट लिहा.

विभागप्रमुखांची संमती आल्यावर आयटीने एकच प्रश्न विचारला: पोर्टेबल आवृत्ती चालणार नाही का? ती इन्स्टॉल न करता फोल्डरमधून चालते. मी नको म्हटलं. नोंदीबाहेर चालणाऱ्या प्रतीला सुरक्षेचे बदल कोणी टाकत नाही आणि काही कार्यालयांत अशा फाइल चालायलाच बंदी असते. अॅडमिन पासवर्ड लागत नाही म्हणून पोर्टेबल प्रत गुपचूप वापरणं ही पेनड्राइव्हचीच वाट आहे.

मंजुरी लेखी आली, तिकीट क्रमांकासह. तो जपून ठेवा. लॅपटॉप बदलला तर त्याच क्रमांकावर पुन्हा मागता येतं. फोनवरच्या ‘टाका, हरकत नाही’ला मंजुरी समजू नका. बसवण्याच्या वेळी लॅपटॉप चालू आणि नेटला जोडलेला लागतो. राळेगाव किंवा झरी जामणीच्या दौऱ्यावर असाल आणि मोबाइलच्या नेटवर अवलंबून असाल, तर तारीख मुख्यालयातल्या दिवसाचीच मागा.

सॉफ्टवेअर आलं म्हणजे सगळं सुटलं, असं नाही. इंकस्केप 1.4 ची पीडीएफ पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या पद्धतीतली असते. छपाईच्या चार शाईंत रूपांतर छापखान्यात होतं आणि त्यात भडक निळा जांभळट होऊ शकतो. आमच्या पोस्टरवर तोच रंग मध्यम विषारी औषधाचा आहे. म्हणून पूर्ण छपाईआधी एक प्रत छापील प्रूफ म्हणून घ्या आणि खऱ्या डब्याशेजारी दिवसाच्या उजेडात ठेवून पाहा. रेषाकृती झालेलं अक्षर नंतर दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ एसव्हीजी फाइल वेगळी ठेवा आणि मात्रेचे आकडे रूपांतराआधी सहाय्यक कृषी अधिकाऱ्याकडून तपासून घ्या.

आमच्याकडे मंजुरीला काही दिवस लागले, प्रूफला आणखी काही. फवारणीचा जोर जुलैनंतर वाढतो. पोस्टर तेव्हा गावात लागलेलं हवं असेल, तर मेल मे महिन्यातच पाठवा.