कार्यशाळेनंतरची चित्रमाला

कार्यशाळा आटोपल्यावर जे शेतकरी बंधू तेथे येऊ शकले नाहीत, त्यांच्यासाठी इन्स्टाग्रामवर एकामागून एक सरकवीत पाहावयाच्या चित्रांची मालिका, म्हणजेच कॅरोसेल, प्रसिद्ध करता येते. एका मालिकेत २० चित्रे घालता येतात; परंतु पाच-सहा चित्रे पुरेशी होतात. व्यासपीठाचे व सत्काराचे छायाचित्र आरंभी घालू नये. पहिल्या चित्रावर कार्यशाळेचा विषय, स्थळ व तारीख द्यावी आणि पुढील प्रत्येक चित्रावर एकच मुद्दा सांगावा.

उदाहरणादाखल, सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवणशक्ती हा विषय घेऊ. दुसऱ्या चित्रात चाचणीची कृती द्यावी: न निवडता शंभर दाणे मोजून घ्यावेत, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडावेत, गोणपाट गुंडाळून ओलसर ठेवावे आणि सातव्या दिवशी चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. तिसऱ्या चित्रात बियाण्याचे प्रमाण द्यावे. येथेच चूक होण्याचा संभव फार असतो. ‘एकरी ३० किलो बियाणे पेरावे’ एवढेच लिहिले, तर ते अपुरे होय. कारण हे प्रमाण ७० टक्के उगवणीसाठी आहे. चित्रे सुटी होऊन व्हॉट्सॲपवर फिरतात. ज्याच्या बियाण्याची उगवण ६० टक्के आहे, त्याच्या हाती हे एकच चित्र पडले, तर त्याचे पीक विरळ होईल. म्हणून प्रमाण व त्याची अट एकाच चित्रावर असावी: ‘उगवण ७० टक्के असल्यास एकरी ३० किलो, ६० टक्के असल्यास ३५ किलो.’ (३० गुणिले ७० भागिले ६० बरोबर ३५.) चौथ्या चित्रात पेरणीची खोली, ३ ते ५ सेंटिमीटर, दाखवावी.

शेवटचे चित्र आभाराचे असावे. ‘सर्व मान्यवरांचे आभार’ या शब्दांनी वाचकास काहीच कळत नाही. वक्त्याचे नाव, हुद्दा व त्यांनी समजावून दिलेला मुद्दा लिहावा. म्हणजे आभारही पोहोचतात आणि शंका कोणास विचारावी हेही समजते.

प्रसिद्धीपूर्वी सर्व चित्रे वक्त्यांस दाखवावीत. घाईने केलेल्या टिपणात हेक्टरी ७५ किलो व एकरी ३० किलो या आकड्यांची अदलाबदल सहज होते. नंतर सोबतचा मजकूर दुरुस्त करता येतो, परंतु लोकांनी पुढे धाडलेली चित्रे परत घेता येत नाहीत. त्याचप्रमाणे कार्यशाळेस न आलेल्या एखाद्या शेतकऱ्यास केवळ तिसरे चित्र दाखवावे व तो किती बियाणे घेईल, हे विचारावे. त्याने आधी स्वतःच्या बियाण्याची उगवण किती, हे पाहावयास हवे असे म्हटले, तर चित्र योग्य झाले असे समजावे.