नफा चार लाख, हाती पाचशेच का?

प्रश्न : विकास सोसायटीच्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी चार लाखांचा नफा सांगितला. सभासद चारशे, तरी प्रत्येकी हजार रुपये का मिळत नाहीत?

उत्तर : सोसायटीचा नफा डोई मोजून वाटला जात नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो. म्हणजे इथे एक लाख आधीच बाजूला पडतात. उरलेल्या तीन लाखांतून लाभांश द्यायचा, तोही भरलेल्या भागभांडवलावर आणि कमाल 15 टक्के. भागभांडवल वीस लाख असेल आणि सभेने 10 टक्के मंजूर केले, तर दोन लाख लाभांशात जातात. पीककर्जातून कपात होऊन पाच हजारांचे शेअर्स जमलेल्या सभासदाला पाचशे, पन्नास हजारवाल्याला पाच हजार मिळतात. मत मात्र दोघांचे एकच. राहिलेला एक लाख इमारत निधी, धर्मादाय अशा पोटनियमांत नमूद कामांसाठी ठेवता येतो.

अध्यक्षांच्या भाषणात बहुधा निसटतो तो मुद्दा थकबाकीचा. थकीत कर्जावरचे येणे व्याज वसूल होईपर्यंत नफ्यात धरता येत नाही. ते धरले, तर कागदावर नफा फुगतो आणि लाभांश प्रत्यक्षात ठेवींतून वाटला जातो. म्हणून सभासदाने अहवालातील नफा-वाटणीच्या तक्त्याआधी थकीत व्याजाची तरतूद आणि लेखापरीक्षकाचा शेरा पाहावा. तरतूद शून्य आणि थकबाकी वाढती, असे दिसले तर खुलासा सभेतच मागावा आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा.