एजनंतर एक श्वास

हे बघ, तुझ्या टेस्टबेंचमध्ये `@(posedge clk) en = 1;` असं लिहिलंयस ना, तिथेच मेख आहे. डिझाइनमधला काउंटरही त्याच एजला जागा होतो. एकाच क्षणी जागे झालेल्या दोन ब्लॉकपैकी आधी कोण धावेल, हे व्हेरिलॉगच्या नियमांत ठरवलेलंच नाही. ते सिम्युलेटरच्या मर्जीवर.

तुझं क्लॉक 10 नॅनोसेकंदांचं, एज 5, 15, 25 वर. तू 15 ला `en` वर केलास. टेस्टबेंच आधी धावलं तर काउंटर 15 लाच 1 होतो. काउंटर आधी धावला तर त्याला जुना शून्यच दिसतो आणि तो 25 ला 1 होतो. वेव्हफॉर्मवर दोन्ही वेळा `en` 15 लाच चढलेला दिसतो, म्हणून डोळा फसतो. खूण एवढीच: इनपुट आणि क्लॉक एकाच रेषेवर हलत असतील तर संशय घे. फाइलींचा क्रम बदलल्यावर किंवा दुसऱ्या सिम्युलेटरवर निकाल बदलला, तर खात्रीच समज. आमच्या वेळी मी यापायी दोन दिवस चांगल्याभल्या डिझाइनला दोष देत बसले होते!

उपाय साधा:

```systemverilog
@(posedge clk);
#1ns en = 1;
```

आता `en` 16 ला चढतो. 15 च्या एजला काउंटर शून्यच वाचणार आणि 25 ला एक. कोणताही सिम्युलेटर आण.

`ns` मुद्दाम लिहायला सांगतेय. नुसतं `#1` लिहिलंस आणि तुझ्या फाइलला स्वतःचं `timescale` नसेल, तर आधी कंपाइल झालेल्या फाइलचं लागू होऊ शकतं. ते `10ns/1ns` निघालं तर तुझं `#1` म्हणजे पूर्ण 10 नॅनोसेकंद, थेट पुढच्या एजवर. रेस पुन्हा दारात.

`<=` वापरलं की भागतं, असं कोणी सांगेल. बऱ्याचदा भागतंही. पण आतलं क्लॉक `<=` नेच भागून बनवलेलं असेल, तर तेही तुझ्या डेटाबरोबरच हलतं आणि फ्लॉप नवी किंमत उचलतो. खरा वेळ मध्ये ठेवलास तर ही भीती नाही.

गेट-लेव्हलला मात्र 1 नॅनोसेकंद धरून बसू नकोस. समज, पोर्टवरचं क्लॉक ट्रीमधून फ्लॉपपर्यंत पोचायला 1.4 नॅनोसेकंद घेतं आणि तुझा `en` जवळपास थेट पोचतो. मग तो क्लॉकच्या आधी हजर! फारच जवळ पडला तर सेटअप किंवा होल्ड व्हायोलेशन छापून येतं आणि काउंटरवर `x` पसरतो. तेव्हा टायमिंग चेक बंद करायचा मोह होतो, करू नकोस. अंतर 3 कर, सेटअपला अजून 7 उरतात. हा आकडा एकाच पॅरामीटरमध्ये ठेव, नाहीतर चाळीस ठिकाणी शोधत बसशील.