गोल बागेभोवतीच्या फरशीचा हिशेब

प्रश्न आष्टीच्या वाचकाचा : 42 फूट व्यासाच्या गोल बागेभोवती साडेतीन फुटी वाट करायची आहे. पेव्हर ब्लॉकचा दर मजुरीसह चौरस फुटाला 60 रुपये ठरला, तर खर्च किती?

तज्ज्ञांनी आधी वाचकाची चूक दाखवली. बागेचा परीघ 132 फूट. त्याला रुंदीने गुणून त्याने 462 चौरस फूट काढले होते. पण वाटेची बाहेरची कड 154 फूट भरते. म्हणून दोन्ही परिघांची सरासरी, 143, घ्यायची आणि साडेतीनने गुणायचे : 500.5 चौरस फूट. खर्च 30,030 रुपये.

बाहेरच्या वर्तुळाच्या 1886.5 मधून बागेचे 1386 वजा केले, तरी उत्तर तेच. मात्र मधोमध झाड असेल तर त्रिज्या मोजणार कशी? अशा वेळी दोन्ही कडांवरून टेप फिरवणेच बरे.

वळणावर ब्लॉक कापावे लागतात. ती तूट या हिशेबात नाही.