फी वाढीची नोटीस कशी वाचायची?

सख्यांनो, पोफळी-शिरगाव-अलोरे भागातल्या आपल्यापैकी कितीतरी जणींची मुलं खाजगी विनाअनुदानित शाळांत जातात. अशा शाळेकडून फी वाढीची नोटीस आली की आपण फक्त शेवटचा आकडा बघतो आणि गटातून कर्ज घ्यायच्या विचाराला लागतो. त्याआधी नोटीस नीट वाचायला शिकूया.

पहिली गोष्ट, ही वाढ ठरली कशी? महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, 2011 प्रमाणे शाळेने नवीन फीचा प्रस्ताव पुढचं वर्ष सुरू व्हायच्या किमान सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. म्हणजे जूनच्या फीची चर्चा साधारण डिसेंबरच्या सुरुवातीलाच व्हायला हवी. समितीत प्रत्येक इयत्तेतून एक पालक असतो, आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. मंजूर झालेली फी दोन वर्षं बदलत नाही. म्हणून नोटिशीत समितीच्या मंजुरीची तारीख शोधा. ती नसेल तर तेवढाच प्रश्न शाळेला लेखी विचारा.

दुसरी गोष्ट, कारण. नोटिशीसोबतच्या पत्रात नुसतं "महागाईमुळे" असं लिहिलं असेल तर ते कारण पुरेसं नाही. कुठल्या खर्चासाठी किती, हे कळलं पाहिजे. एक हिशोब करून बघू.

समजा, शाळेत 150 मुलं आहेत. फी 12,000 वरून 14,400 झाली, म्हणजे 2,400 रुपये वाढ. शाळेला वर्षाला जादा मिळणार 150 गुणिले 2,400, म्हणजे 3,60,000. पत्रात कारणं अशी: पाच शिक्षकांना महिना 3,000 पगारवाढ, वर्षाचे 1,80,000. वीजबिलाचे जादा 30,000. आणि पावसात गळणाऱ्या छपराच्या दुरुस्तीला 1,50,000. बेरीज बरोबर जुळते. मग चूक कुठे?

पगार आणि वीज दरवर्षी लागणार, पण छप्पर एकदाच दुरुस्त होणार. फी दोन वर्षं तीच राहणार, म्हणजे छपरासाठी 3,00,000 गोळा होतील, लागणार मात्र दीड लाख. तोच खर्च दोन वर्षांत वाटला तर वर्षाला 75,000, म्हणजे मुलामागे 500. पगार-विजेचे मुलामागे 1,400. एकूण वाढ 1,900 पुरते. बैठकीत भांडण नको, एवढंच विचारा: "यातला कुठला खर्च एकदाचा आणि कुठला दरवर्षीचा?" शिक्षकांचा पगार वाढायला आपली हरकत नाही, हेही सांगा.

तिसरी गोष्ट, सवलत. "गरजूंनी कार्यालयात भेटावे" एवढं लिहून भागत नाही. ज्या बाईला तिथे जायची लाज वाटते, तीच मागे राहते. पत्रात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: कोण पात्र, कुठली कागदपत्रं, अर्जाची शेवटची तारीख, आणि निर्णय कोण व किती दिवसांत लेखी देणार. सवलत मिळालेल्या मुलांची नावं फलकावर लागू नयेत, हेही लिहून घ्या.

"सवलतीचा बोजा इतरांवर पडेल" असं कुणी म्हणालं तर त्याचाही हिशोब मांडा. दहा मुलांची 1,900 ची वाढ माफ केली तर 19,000 कमी पडतात. उरलेल्या 140 जणांवर वर्षाला साधारण 136 रुपये येतात.

अर्ज करताना साध्या भाषेत लिहा: नवऱ्याचं कंत्राटी काम कधी बंद झालं, घरात कमावतं कोण, शिकणारी मुलं किती, आणि आपण किती भरू शकतो. हा शेवटचा आकडा जरूर लिहा, त्याने निर्णय सोपा होतो. उत्पन्नाचा दाखला सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून, तहसीलदारांच्या सहीने मिळतो. त्याला वेळ लागतो, म्हणून नोटिशीची वाट न बघता आधीच काढा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेची पोच घ्या. आरटीईच्या 25 टक्के जागांतून दाखल झालेल्या मुलाला आठवीपर्यंत शिक्षण मोफत आहे, त्याला हा अर्ज करावाच लागत नाही.

समजूत पटली नाही तर? विभागीय शुल्क नियामक समितीकडे तक्रार करता येते. पण 2018 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान 25 टक्के पालक लागतात. एकटीच्या अर्जाने ते काम होत नाही.

गटाच्या बैठकीत करायचा अभ्यास: आपल्या मुलाच्या शाळेची शेवटची फी नोटीस आणा. मंजुरीची तारीख, एकदाचे खर्च आणि सवलतीची शेवटची तारीख या तिन्हींखाली रेघ मारा. जे सापडलं नाही, तो आपला शाळेला विचारायचा प्रश्न.